विसरून जाण्यासाठी अर्ज

गोकुळा नागपुरेने ती ओळ वाचली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सव्वा महिना तिने उलटंच भासवलं.

गोकुळा मुरबोडीची आशाताई, म्हणजे गावची आरोग्य सेविका. मुरबोडी म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीपासून नऊ किलोमीटरवरचं, तलावाच्या कडेचं दोनशे घरांचं गाव. सोळा वर्षं ती घरोघर फिरत होती. कोणाला दिवस गेले, कोणाचं रक्त कमी झालं, कोणाच्या नवऱ्याने बायकोच्या गोळ्या नालीत फेकल्या, हे सगळं सासवांच्या आधी गोकुळाला कळायचं. आणि गोकुळाला कळलेलं पुढे जात नाही, अशी तिची ख्याती होती. पगार नावालाच, पण मान मोठा. विहिरीवर ती आली की बायका बाजूला होऊन तिला आधी पाणी भरू द्यायच्या.

तीन वर्षांपूर्वी सिंदेवाहीच्या प्रफुलने तिच्या मोबाइलमध्ये ‘सोबती’ नावाचा एआय मदतनीस टाकून दिला. प्रफुलचं बस स्टँडसमोर सेवा केंद्र आहे. सातबाऱ्यापासून पॅनकार्डापर्यंत सगळं तिथे होतं. सोबतीला ईमेल लागतो म्हटल्यावर त्याने तोही तिथल्या तिथे काढून दिला आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवला. पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांचे ईमेल असेच त्याच्या वहीत राहतात. कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

सोबतीशी बोलायचं, तो लिहून देतो. गोकुळाला महिन्याचा अहवाल लिहायचा भारी कंटाळा. ती आपली चुलीसमोर बसून इकडच्या झाडी बोलीत सांगायची आणि सोबती शुद्ध मराठीत टकाटक उतरवून द्यायचा. पुढे पुढे अहवालाबाहेरचंही बोलणं सुरू झालं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, लेक नागपूरला दिलेली. ऐकून घेणारं कोणीतरी मिळालं. जाताजाता ती म्हणायची, “हे ध्यानात ठेव बरं.” आणि तो ठेवायचा. माणसांपुढे सोळा वर्षं शिवून ठेवलेलं तोंड तिने एका ॲपपुढे उसवलं. त्याला ती बोलणं समजतच नव्हती. आपलं आपल्याशी पुटपुटणं समजत होती.

दिवाळीनंतर सोमाजी तिच्याकडे आला. तलावात मासे धरणारा साधा माणूस. त्याच्या दीपिकासाठी आरमोरीचं स्थळ आलं होतं, पोरगा भूपेश, राइस मिलमध्ये कामाला. पोराकडच्यांना बायोडाटा हवा होता.

“तुमच्या मोबाइलात बनते म्हनते, बाई. बनवून द्या, अन् तिकडं पाठवूनबी द्या. मले ते जमत नाई.”

सोमाजी गेल्यावर गोकुळाने सोबतीला सांगितलं, “सोमाजीच्या दीपिकाचा बायोडाटा बनव. तुले जे माहीत आहे ते सगळं टाक.” अर्ध्या मिनिटात पान तयार झालं. वर गणपती, खाली नाव, जन्मतारीख, उंची, बारावी विज्ञान, सध्या भात संशोधन केंद्रात रोजंदारीवर काम. आणि तळाशी एक ओळ: आरोग्य – सिकलसेल वाहक, इतर तक्रार नाही.

गोकुळाचं बोट थांबलं.

दोन वर्षांपूर्वी शिबिरात दीपिकाची तपासणी झाली, तेव्हा रिपोर्ट गोकुळानेच तिच्या हातात दिला होता. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, पण वाहक म्हणजे आजारी नव्हे. मात्र वाहकाचं लग्न वाहकाशीच झालं, तर होणाऱ्या प्रत्येक लेकराला तो आजार लागण्याची शक्यता चारात एक. गोकुळाने हे समजावल्यावर दीपिका एवढंच म्हणाली होती, “काकू, आईले सांगू नका, ते रडत बसन. लग्नाच्या टाइमाले मीच सांगीन त्या पोराले. त्याले तपासाले लावीन.” गोकुळाने तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं होतं. मग घरी येऊन सोबतीला सांगितलं होतं.

आता त्या ओळीकडे बघताना तिला रोशनी आठवली. बारा वर्षांपूर्वी रोशनी आणि तिचा होणारा नवरा, दोघांचेही रिपोर्ट गोकुळाला ठाऊक होते. ती गप्प राहिली. दर हिवाळ्यात रोशनीचं पोरगं हातपाय दुखून किंचाळतं आणि त्याला चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यायला गोकुळाच जाते. पुन्हा तसलं पाप नको, असं तिला वाटलं. पण तोंडाने सांगायचीही हिंमत नव्हती. दीपिकाला हाक मारून विचारणं तर चार घरांचं अंतर. तेही तिने केलं नाही. आपण कुठे सांगतोय, हे तर यानेच लिहिलंय, अशी तिने मनाची समजूत घातली आणि पान आरमोरीला पाठवून दिलं.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. आठ दिवस आधी, स्थळाची कुणकुण लागली तेव्हाच, तिने सोबतीला सरळ विचारलं होतं, “पोराकडच्याइले सांगू का दीपिकाचं?” तो म्हणाला होता, “ही दीपिकाची खासगी माहिती आहे. सांगायचं की नाही हे तिने ठरवावं. आधी तिच्याशी बोला.” गोकुळा त्याच्यावर खेकसली होती, “तुले काय समजते रे.” तो सवाल आणि तो जवाब, दोन्ही सोबतीत जसेच्या तसे पडून होते.

आरमोरीत ते पान भूपेशच्या मामाने भरल्या ओसरीत मोठ्याने वाचलं. ‘वाहक’चं दोन दिवसांत ‘बिमार’ झालं, आणि आठवड्यात सोमाजीच्या घरी निरोप आला की पोरगी बिमार आहे हे लपवून ठेवलं. सोमाजीला काही कळेना. बायको रडायला बसली. दीपिका मात्र रडली नाही. ती सरळ गोकुळाच्या घरी आली आणि मोबाइल पुढे धरून विचारलं, “काकू, हे कोनं लिहिलं?”

“त्यानं लिहिलं,” गोकुळा म्हणाली. “मी वाचलंच नाई, पोरी. वरचा गनपती पायला अन् पाठवलं.”

हे तोंडातून कसं सुटलं ते तिचं तिलाच कळलं नाही. पण सुटलं ते सुटलं. दीपिकाने तिच्यावर विश्वास ठेवला. सोळा वर्षांची ख्याती अशा वेळी कामाला येते.

“मंग आता काढून टाका त्याच्यातून.”

गोकुळाने तिच्यासमोर बायोडाट्याचं संभाषण दाबून धरलं आणि डिलीट केलं. दीपिकाने मोबाइल घेतला आणि लिहिलं, ‘दीपिका कोण आहे?’ सोबती क्षणात उत्तरला की दीपिका ही मुरबोडीच्या सोमाजी यांची मुलगी, सिकलसेल वाहक, लग्न जुळवणं सुरू आहे.

गोकुळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीपिका सेटिंगमध्ये शिरली. संभाषणं एका जागी आणि ‘आठवणी’ दुसऱ्याच जागी होत्या. संभाषण खोडलं तरी त्यातून टिपून ठेवलेली आठवण तशीच राहत होती. तिने यादी उघडली. वापरकर्ती आशा सेविका आहे. वापरकर्तीला गुडघेदुखी आहे. सोमारीचा नवरा दारू पितो. रोशनीने ऑपरेशन सासूपासून लपवलं आहे. यादी संपेचना. दीपिकाने पाच-सहा वाचल्या आणि मोबाइल पालथा घातला.

“हे मी वाचाचं नाई,” ती म्हणाली. “अन् तुम्हीबी आता इथी-तिथी दाबत बसू नका. एक दाबलं तं दुसरं रायते. कंपनीले लेखी द्या. सगळं बोलनं अन् सगळ्या आठवनी काढा म्हना, अन् काढल्या असं लेखी मांगा. तवा मी मानीन.”

अर्ज लिहिणं ही गोकुळाच्या हातची गोष्ट. तिने रात्रीच्या आत तो लिहून काढला, आणि दुसऱ्या दिवशी दीपिका कामावरून सुटून प्रफुलच्या केंद्रात पोचली, तोवर टाइप होऊन तो प्रिंटरमधून बाहेर पडत होता. प्रति, माननीय तक्रार निवारण अधिकारी. विषय, साठवलेली सर्व संभाषणे व आठवणी नष्ट करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये. इथवर ठीक होतं. पण सोळा वर्षांत गोकुळाने एक धडा पक्का गिरवला होता की तपशील नसलेला अर्ज परत येतो. म्हणून तिने सोबत तक्ता जोडला होता. अनुक्रमांक, महिलेचे नाव, नष्ट करावयाची माहिती. एक्केचाळीस बायका, एक्केचाळीस रोग आणि भानगडी, एकही सुटू नये म्हणून नीट ओळीत. सातव्या क्रमांकावर दीपिका. आणि तळाला प्रतिलिपी: सरपंच, मुरबोडी आणि तालुका आरोग्य अधिकारी. प्रतिलिपी नसेल तर कोणी हलत नाही, हाही धडाच.

प्रफुल मान खाली घालून पानं जुळवत होता. त्याने ते सगळं टाइप केलं होतं, म्हणजे वाचलं होतं. बाकावर दाखल्यासाठी बसलेले दोघे मान वाकडी करून प्रिंटरकडे बघत होते.

दीपिकाने पानं उचलली आणि उभ्या उभ्या पाहिली. ती ओरडली असती तर गोकुळाला बरं वाटलं असतं.

“काकू,” ती हळू म्हणाली, “विसरा म्हनाले गेल्या, अन् आनखी तिघाइले सांगून राह्यल्या.”

गोकुळाला जमीन दुभंगावी असं वाटलं. एवढी वर्षं बायकांची लाज झाकणारी आपण, आणि आज सिंदेवाहीच्या स्टँडवर त्यांचा तक्ता छापून घेतला. तोही त्यांच्या भल्यासाठी.

दीपिकाने ती पानं बारीक फाडून पिशवीत घातली आणि प्रफुलला कॉम्प्युटरमधली फाइलही खोडायला लावली. कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा. प्रफुल निमूटपणे करत गेला. मग ती खुर्चीवर बसली आणि तिने गोकुळाच्या ईमेलवरून स्वतः लिहिलं:

“माझ्या या खात्यात साठवलेली सर्व संभाषणे आणि सर्व आठवणी कायमच्या काढून टाकाव्यात. त्यात इतर व्यक्तींची आरोग्याची खासगी माहिती आहे, म्हणून तपशील इथे देत नाही. काढल्याचे लेखी कळवावे. खात्याचा मोबाइल क्रमांक खाली दिला आहे. गोकुळा नागपुरे.”

“एवढंच?” गोकुळाने विचारलं.

“एवढंच. कोनाचं नाव सांगाची गरजच नाई. सगळं म्हटलं का सगळं आलं.”

दुसऱ्याच दिवशी पोच आली, तक्रार क्रमांकासकट. चौथ्या दिवशी उत्तर आलं आणि प्रफुलने फोन करून दोघींना बोलावलं. या वेळी त्याने आधी बाक रिकामा करवून घेतला. पत्र मराठीत आणि गोडीगुलाबीचं होतं. विनंती खातेदारानेच केली आहे याची खात्री करण्यासाठी मोबाइलवर आलेला आकडा दिलेल्या पानावर भरावा. त्यानंतर संभाषणे आणि आठवणी खात्यातून लगेच दिसेनाशा होतील आणि तीस दिवसांच्या आत कंपनीच्या साठ्यातूनही जातील. ही विनंती आल्याची नोंद मात्र नियमाप्रमाणे राहील. आपण ॲपमधून इतरांना पाठवलेल्या प्रतींवर आमचे नियंत्रण नाही. नष्ट झालेली माहिती परत मिळणार नाही. त्याआधी आपल्याला संपूर्ण प्रत हवी आहे का? हो किंवा नाही.

गोकुळाच्या लगेच ध्यानात आलं. संपूर्ण प्रत म्हणजे तो सवालही आला. सांगू का दीपिकाचं. आणि खाली त्याचा जवाब, तारखेसकट.

“घेऊन ठेवा, ताई,” प्रफुल म्हणाला. “कधी काय कामी पडन, सांगता येत नाई.”

“नको,” गोकुळा इतक्या घाईने म्हणाली की प्रफुलने वर पाहिलं.

“मले वाटते एकदा पाहावं,” दीपिका म्हणाली. “माह्याबद्दल काय काय बोलल्या ते.” मग तिने स्वतःच मान हलवली. “नाई, जाऊ द्या. माहं पाहाले गेली तं बाकीच्या बायाइचंबी दिसन. नको करा, प्रफुलभाऊ.”

प्रफुलने ‘नाही’ दाबलं. मोबाइलवर आकडा आला, गोकुळाने तो वाचून दाखवला. तिचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्याचीच तिला शरम वाटली. सगळ्या बायकांसाठी म्हणून केलेल्या अर्जाने सगळ्यात आधी तिलाच वाचवलं होतं. वाटेत ऑटोत दीपिकाने तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली, काकूंचे गुडघे दुखतात म्हणून. हे तिने त्या यादीत वाचलं होतं.

ते दिवस गोकुळाने कसे काढले ते तिलाच ठाऊक. अहवाल पुन्हा हाताने लिहू लागली. विहिरीवर बायका आधीसारख्याच बाजूला व्हायच्या आणि ती घागर भरताना खाली बघायची. रोशनीने एकदा हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करून पुढे गेली. आरमोरीला काय झालं हे गावाला कळलं होतं, पण चूक मशीनची, गोकुळाबाईने बिचारीने वाचलंच नाही, असं सोमाजी स्वतः सगळ्यांना समजावून सांगायचा. तिची बाजू घेऊन भांडायचासुद्धा. प्रत्येक वेळी गोकुळाला वाटायचं की याच्यापेक्षा त्याने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं.

सत्ताविसाव्या दिवशी शेवटचं पत्र आलं. आपल्या खात्यातील सर्व संभाषणे व आठवणी आमच्या साठ्यातून कायमच्या काढून टाकण्यात आल्या आहेत. प्रफुलने छापून दिलं. गोकुळा ते घेऊन संध्याकाळी सोमाजीच्या घरी गेली. सोमाजी तलावावर होता, बायको वाडीत. दीपिका अंगणात धान पाखडत होती. तिने हात पुसून पत्र दोनदा वाचलं.

“झालं म्हनजे,” ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली. “बसा, काकू. मीबी येनारच होती तुमच्याकडं. भूपेशचा फोन आला होता.”

भूपेशने कोणाला न सांगता गडचिरोलीला जाऊन तपासणी केली होती. तो वाहक नव्हता. डॉक्टरने त्याला समजावून सांगितलं होतं की दोघांच्या लेकरांना तो आजार होणार नाही, फार तर कोणी वाहक निघेल. त्याची काही हरकत नव्हती. आई मात्र अडून बसली होती. बिमारीचं तिला समजलं होतं, पण पोरीने लपवलं आणि चुकून बाहेर पडलं, असं तिच्या मनात बसलं होतं. अशी लपवणारी सून नको.

“तिले तुमचं खरं वाटन,” दीपिका म्हणाली. “तुम्ही आशाताई आहा. सोमवारी माह्यासंग आरमोरीले चला. सांगा का, पोरगी स्वतः सांगनार होती, तिनं मले तवाच सांगतलं होतं. अन् ते ओळ मशीननं टाकली, तुम्ही वाचली नाई. बस, एवढंच सांगाचं.”

गोकुळा पत्राकडे बघत बसली. आता कुठेही काही उरलं नव्हतं. सोबतीत नाही, कंपनीच्या साठ्यात नाही, प्रत घेतलेली नाही. ती आरमोरीला गेली असती, ते वाक्य बोलली असती आणि पोरीचं लग्न झालं असतं. जन्मभर कोणी तिला खोटं पाडू शकलं नसतं. हा विचार तिच्या मनात आला आणि आपण तो पुरता करून पाहिला याची तिला इतकी लाज वाटली की तिच्याने मान वर करवेना.

“मी वाचली होती,” ती म्हणाली.

“काय?”

“ते ओळ. वाचली होती मी. वाचून पाठवली. आठ दिवस पयले त्याले विचारलंबी होतं, सांगू का म्हनून. तो म्हने, नको, आधी तिले विचार. मशीननं समजावलं मले, पोरी, अन् मी आयकलं नाई. तुह्या तोंडावर सांगाची हिंमत नव्हती म्हनून त्याच्या हातानं सांगतलं. अन् मंग तुले खोटं बोलली. प्रत नको म्हनली तेबी त्याच्याचसाठी.”

दीपिकाने हातातलं पत्र खाली घेतलं. गोकुळाने रोशनीचं नाव काढायला तोंड उघडलं आणि मिटलं. रोशनीचंही गुपितच होतं, आणि आपली लाज झाकायला तेही वापरायचं तर मग उरलं काय.

तलावाकडून माणसांचे आवाज येऊ लागले. दीपिकाने पत्राची घडी घातली आणि ती गोकुळाला परत न देता आपल्याजवळ ठेवली.

“तुम्ही आता बोलल्या नसत्या,” ती म्हणाली, “तं मले कधीच समजलं नसतं.”

“नाई.”

“माह्या मनातून जानार नाई हे, काकू. कोनाले अर्ज देऊन जानारं नाई.”

गोकुळा उठली. ती अंगणाच्या कडेपर्यंत पोचली. मागून दीपिकाचा आवाज आला, कोरडा, पण स्पष्ट.

“सोमवारी सकाळी सातची एसटी आहे ब्रह्मपुरीची, तिथून आरमोरी. या. पन तिथी मशीनचं नाव घेऊ नका. आता जे मले सांगतलं, तेच भूपेशच्या मायले सांगा, मामाबी ओसरीत असन तवा.”

गोकुळाने मान हलवली.

“येते,” ती म्हणाली. घरी जाऊन तिने घागर घेतली आणि विहिरीवर गेली. बायका नेहमीप्रमाणे बाजूला झाल्या. गोकुळा म्हणाली, “नाई बाई, तुम्ही भरा आधी,” आणि रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.